बिट एक घर ओलांडून का पळतो?

1918 साली ब्रिटनमध्ये एकल्स आणि जॉर्डन या दोघांनी दोन व्हॅक्यूम ट्यूब अशा जोडल्या, की एकीचं आउटपुट दुसरीला दाबून धरेल. एक चालू, तर दुसरी बंद. बाहेरून धक्का मिळेपर्यंत हीच स्थिती टिकते. एक बिट धरून ठेवणाऱ्या फ्लिप-फ्लॉपचं मूळ इथे आहे. पुढे 1932 च्या सुमारास केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत विन-विल्यम्स यांनी अल्फा कण मोजायला दर दोन धक्क्यांना पुढे एकच धक्का पाठवणारे टप्पे थायरॅट्रॉन ट्यूबांनी बांधले.

अशा साखळीत मागचा टप्पा पुढच्याला ढकलतो. आजच्या चार बिटी काउंटरमध्ये तेच केलं तर 7 वरून 8 वर जाताना 0111, 0110, 0100, 0000 आणि मग 1000 असा प्रवास होतो. मधल्या क्षणी कुणी आकडा वाचला तर तो साफ खोटा. यावरचा उपाय म्हणजे सिंक्रोनस काउंटर: क्लॉक, म्हणजे ठरावीक ठोक्याने येणारा धक्का, सगळ्यांना एकदम द्यायचा आणि पलटायचं की नाही हे गेटने आधीच ठरवून ठेवायचं.

जुन्या एसआर फ्लिप-फ्लॉपमध्ये दोन्ही इनपुट एकदम 1 केले तर पंचाईत होते. जेके फ्लिप-फ्लॉपमध्ये तेव्हा आउटपुट पलटतो, म्हणून काउंटरला तो सोयीचा. 74LS73A ही जेकेची चिप घेतली तर शेवटच्या बिटाच्या J आणि K या इनपुटना आधीच्या तिन्ही बिटांचा अँड गेटमधून आलेला आउटपुट द्यायचा. आउटपुट बदलायला जास्तीत जास्त 20 नॅनोसेकंद, गेटला 20, आणि पुढच्या क्लॉकआधी इनपुट स्थिर राहायला हवा ते 20. हा शेवटचा सेटअप टाइम. बेरीज 60, म्हणजे साधारण 16 मेगाहर्ट्झ. त्याहून वेगाने चालवलं तर मोजणी चुकू शकते. क्लॉक मंद केल्यावर ती सुधारली, तर संशय सेटअपवर घ्यावा.

होल्डचं दुखणं मात्र क्लॉक मंद करून जात नाही, आणि शिकताना नेमकं इथेच डोकं आपटतं. डी फ्लिप-फ्लॉप 74LS74A ओळीने जोडून दर क्लॉकला बिट एक घर पुढे सरकवणारं शिफ्ट रजिस्टर केलं, की एकाचा आउटपुट Q थेट पुढच्याच्या इनपुट D ला जातो. क्लॉकनंतर D किमान 5 नॅनोसेकंद हलता कामा नये, हाच होल्ड टाइम. 0 चा 1 व्हायला Q ला साधारण 13 लागतात, त्यामुळे एरवी निभावतं. पण पुढच्याचा क्लॉक एखाद्या जादा गेटमधून 10 उशिरा पोचला, तर हातात 3 च उरतात. मग पुढचा जुना बिट सोडून नवाच उचलू शकतो. सगळं रिकामं करून एकच 1 आत सोडा: एका क्लॉकमध्ये तो दोन घरं पुढे गेलेला दिसला, तर चोर सापडला. क्लॉक सगळ्यांना एकाच बफरमधून द्या. ते जमत नसेल तर क्लॉकची तार शेवटच्या घराकडून पहिल्याकडे ओढा, म्हणजे पुढचा आधी वाचेल आणि मागचा नंतर बदलेल.