परदेशस्थ नातेवाइकाचे कुलमुखत्यारपत्र (नाशिकमधील कौटुंबिक मिळकतीसाठी)

परदेशात राहणारा वारस आपल्या हिश्श्याच्या मिळकतीची कामे नाशिकमधल्या नातेवाइकाकडे ज्या दस्ताने सोपवतो, त्याला कुलमुखत्यारपत्र म्हणतात. अधिकार देणारा तो ‘लिहून देणार’, स्वीकारणारा तो मुखत्यार. या नात्याचा कायदेशीर पाया भारतीय करार अधिनियम, १८७२ मधील अभिकर्त्याविषयीच्या, म्हणजे दुसऱ्याच्या वतीने काम करणाऱ्याविषयीच्या, कलमांत आहे; मुखत्यारपत्रांसाठी १८८२ चा स्वतंत्र पण छोटासा अधिनियमही आहे. मुखत्यारपत्राने मालकी हस्तांतरित होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केले.

समजा, वडिलांच्या पश्चात गंगापूर रोडवरचा फ्लॅट आणि निफाड तालुक्यातली द्राक्षबाग भाऊ-बहिणीला आली. भाऊ अमेरिकेत न्यू जर्सीला, बहीण नाशिकला. फ्लॅट भाड्याने द्यायचा आहे, सातबारावर वारस नोंद लावायची आहे. बाजारात मिळणारा तयार मसुदा वापरला, तर त्यात ‘विक्री, गहाण, बक्षीस, हक्कसोड वगैरे सर्व अधिकार’ अशी ओळ हमखास असते. वारस नोंदीसाठी आणि भाडेकरारासाठी यातला एकही अधिकार लागत नाही. तरीही ‘पुढे लागलं तर’ म्हणून ती ओळ तशीच ठेवली जाते, आणि बहुतेक घरगुती तंटे तिथूनच उगवतात.

न्यायालये मुखत्यारपत्राचा अर्थ काटेकोरपणे लावतात. ‘देखभाल व व्यवस्थापन’ एवढेच लिहिले असेल तर त्यातून विक्रीचा अधिकार निघत नाही. म्हणून मर्यादा दोन्ही बाजूंनी लिहिणे शहाणपणाचे. या उदाहरणातला दस्त असा असेल: फ्लॅट जास्तीत जास्त अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स कराराने देणे व तो नोंदवणे, घरपट्टी, सोसायटीची वर्गणी व वीजबिल भरणे, वारस नोंदीचा अर्ज देणे आणि फेरफार मंजूर होईपर्यंत ग्राम महसूल अधिकारी (पूर्वीचे तलाठी) व मंडळ अधिकाऱ्यांपुढे हजर राहणे. त्यापुढे स्वच्छ नकार: विक्री, साठेखत, गहाण, बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र यांपैकी काहीही करता येणार नाही. दुसऱ्याला मुखत्यार नेमता येणार नाही. भावाच्या वाट्याचे भाडे त्याच्याच एनआरओ खात्यात, म्हणजे अनिवासी भारतीयाच्या भारतातल्या उत्पन्नासाठीच्या बँक खात्यात, जमा होईल आणि हिशेब दर सहा महिन्यांनी पाठवला जाईल. मागितल्यावर हिशेब देणे हे मुखत्याराचे कर्तव्य कायद्यानेच आहे, पण तारीख लिहिली की मागणी करण्याचा अवघडपणा उरत नाही.

हक्कसोडीचा नकार मुद्दाम लिहायचा, कारण इथे मुखत्यार स्वतःच सहहिस्सेदार आहे. भावाच्या वतीने सही करून त्याचा हिस्सा बहिणीने स्वतःच्याच नावे सोडून घेतला, तर महत्त्वाच्या गोष्टी लपवल्या किंवा भावाचे नुकसान झाले हे दाखवून तो व्यवहार नाकारता येतो. पण तोवर फेरफार पडलेला असतो आणि दावा चालवायला भावाला अमेरिकेतून धावपळ करावी लागते.

शेतजमिनीबाबत आणखी एक अट हवी, आणि नेमकी तीच शहरी वकिलांच्या मसुद्यात सुटते. बाग कोणालाही खंडाने किंवा वाट्याने कसायला द्यायची नाही, असे लिहावे. १९४८ च्या कूळ कायद्यामुळे जमीन कसणारा पुढे कूळ असल्याचा दावा करू शकतो. सातबाराच्या पीकपाहणीत त्याचे नाव आले की प्रकरण तहसीलदारापुढे जाते. छाटणीला मजूर लावणे आणि उभा माल व्यापाऱ्याला विकणे, एवढाच अधिकार द्यावा.

दस्त परदेशात सही होऊन येतो, म्हणून त्याची वाट वेगळी असते. नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम ३३ प्रमाणे भारताबाहेर राहणाऱ्याने तो नोटरी, न्यायालय किंवा भारतीय वाणिज्य दूतावासातील अधिकाऱ्यापुढे सही करून प्रमाणित करावा लागतो. न्यू जर्सीचा रहिवासी न्यूयॉर्कच्या दूतावासाच्या हद्दीत येतो. स्थानिक नोटरीपुढे सही करून त्यावर अपोस्टील, म्हणजे परदेशात कागद ग्राह्य धरला जावा म्हणून तिथल्या सरकारने दिलेले प्रमाणपत्र, घेण्याचीही वहिवाट आहे. कागद महाराष्ट्रात पहिल्यांदा आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरले पाहिजे. त्यासाठी तो नाशिकच्या सहजिल्हा निबंधक वर्ग १ तथा मुद्रांक जिल्हाधिकारी कार्यालयात अभिनिर्णयासाठी, म्हणजे शुल्क किती ते ठरवून घेण्यासाठी, द्यावा. कुरियरचे पाकीट फेकू नये, कारण मुदत कधी सुरू झाली याचा पुरावा तेच. मोबदला न घेता बहिणीला दिलेल्या मुखत्यारपत्रावरचे शुल्क किरकोळ असते. मोबदला घेऊन विक्रीचा अधिकार दिला, तर मात्र खरेदीखतासारखे बाजारभावावर शुल्क लागते.

रद्द करणे हा या दस्ताचा सर्वात गैरसमजाचा भाग. लिहून देणारा अधिकार केव्हाही काढून घेऊ शकतो. ‘अपरिवर्तनीय’ हा शब्द घातल्याने तो कायम होत नाही. मिळकतीत मुखत्याराचा स्वतःचा हितसंबंध असेल आणि त्याच्या रक्षणासाठीच अधिकार दिला असेल, तरच तो एकतर्फी काढता येत नाही. मात्र भावाने न्यू जर्सीत बसून कागद फाडला किंवा बहिणीला व्हॉट्सअॅपवर ‘आता थांब’ असे कळवले, तर तेवढ्याने बाहेरच्या माणसांपुरते काही बदलत नाही. करार अधिनियमाच्या कलम २०८ प्रमाणे अधिकार संपल्याचे मुखत्याराला कळेल तेव्हा तो त्याच्यापुरता संपतो आणि तिऱ्हाइताला कळेल तेव्हा तिऱ्हाइतापुरता. रद्द झाल्याचे ठाऊक नसलेल्या भाडेकरूने बहिणीशी केलेला करार भावावर बंधनकारक राहतो. रद्द करण्याआधी झालेला करारही मोडत नाही; चालू अकरा महिने पुरे करावेच लागतात.

म्हणून रद्दपत्रासोबत कळवण्याची यादी लागते: बहिणीला पोचपावतीसह स्पीड पोस्टाने नोटीस व मूळ प्रत परत करण्याची मागणी, मग भाडेकरू, सोसायटी, बँक, ग्राम महसूल अधिकारी, आणि दस्त जिथे नोंदवला ते दुय्यम निबंधक कार्यालय. वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यावी, पण फक्त तिच्यावर विसंबू नये. विशिष्ट मुदतीसाठी नेमून सबळ कारण नसताना मध्येच काढले तर भरपाई मागितली जाऊ शकते. त्यामुळे ‘तीस दिवसांच्या नोटिशीने रद्द करता येईल’ हे वाक्य आणि शेवटची तारीख, दोन्ही दस्तातच असावीत.

मुखत्यार आपल्या सहीचा दस्त नोंदवायला गेला की निबंधक कार्यालयात त्याच्याकडून घोषणापत्रही घेतात. लिहून देणाऱ्याने अधिकार रद्द केलेला नाही आणि तो हयात आहे, असे त्यात मुखत्याराने लिहून द्यायचे; खोटे निघाल्यास नोंदणी अधिनियमाच्या कलम ८२ खाली शिक्षा. कारकून मात्र दूतावासाला फोन करून खात्री करत नाही. आळा बसतो तो नोटीस आधीच कार्यालयात पोचलेली असली तर.

लिहून देणारा वारला किंवा त्याचे मानसिक संतुलन गेले, तर अधिकार आपोआप संपतो. अमेरिकेतील वकील ‘असमर्थता आली तरी चालू राहील’ असे कलम घालून देतात. तिथे ते चालते, भारतीय करार अधिनियमात त्याला आधार नाही. भाऊ वारल्यास बहिणीने मिळकतीचे रक्षण करण्यापुरती तातडीची पावले उचलायची, आणि पुढच्या प्रत्येक सहीसाठी त्याच्या वारसांकडून नवे मुखत्यारपत्र आणायचे.