शौचातला सर्वांत मोठा एकपेशीय परजीवी: बॅलँटिडियम कोलाय

1971 मध्ये प्रशांत महासागरातल्या ट्रक बेटांवर चक्रीवादळ आलं. पावसाचं पाणी साठवायची सोय वाहून गेल्यावर लोक ओढ्यांचं पाणी पिऊ लागले, आणि त्यात डुकरांची विष्ठा मिसळलेली होती. शंभरावर लोकांना बॅलँटिडियम कोलायची लागण झाली. डुकराचं मांस खाल्ल्याने हा रोग होतो, असं पुष्कळांना वाटतं. खरं तर तो विष्ठेतून पाण्यात किंवा अन्नात आलेली पुटी, म्हणजे या जीवाची कवचात बंद झालेली अवस्था, पोटात गेल्याने होतो, त्यामुळे मांसाला कधी हात न लावणाऱ्यालाही होऊ शकतो.

रक्त आणि शेंबडासारखी आव पडली की सगळ्यांना आधी अमीबा आठवतो. इथे सूक्ष्मदर्शकाखाली आकार पाहावा. आव पाडणारा अमीबा साधारण 15 ते 20 मायक्रॉनचा असतो. बॅलँटिडियमची चरती अवस्था, म्हणजे ट्रोफोझोइट, 50 ते 100 मायक्रॉनची आणि कधी त्याहून मोठी. म्हणून सुरुवात 10एक्सच्या भिंगाने करावी आणि कव्हरस्लिपखालचा सगळा भाग फिरून पाहावा. थेट 40एक्स लावला, तर थोडाच भाग पाहून होतो आणि मोजकेच जीव असतील तर ते निसटतात.

पातळ शौचाचा आव किंवा रक्त असलेला भाग काडीने घेऊन सलाईनच्या थेंबात मिसळा. स्लाइडवर अंडाकृती जीव स्वतःभोवती गिरक्या घेत, स्क्रू फिरावा तसा पुढे सरकताना दिसतो. अंगभर बारीक केस असतात, ते एका लयीत हलतात. पुढच्या निमुळत्या टोकाला खाचेसारखं तोंड असतं आणि आत घेवड्याच्या दाण्यासारखं मोठं केंद्रक. छोटं केंद्रक त्याच्या खोबणीत दडलेलं असल्याने बहुधा दिसतच नाही. आयोडीनचा थेंब वेगळ्या जागी ठेवावा, कारण आयोडीनने जीव मरतो आणि सर्वांत बोलकी खूण, ती हालचाल, थांबते. पातळ नमुना अर्ध्या तासात पाहावा, कारण शरीराबाहेर ट्रोफोझोइट लवकर मरून फुटतात.

पुटी गोल किंवा किंचित लांबट, 50 ते 70 मायक्रॉनची, जाड भिंतीची आणि न हलणारी असते. नवी असेल तर भिंतीच्या आत केसही दिसतात. मोठ्या आतड्यात मळ आटत जातो तशी ती तयार होते. जुलाबात मळ इतक्या वेगाने बाहेर पडतो की पुटी व्हायला वेळच मिळत नाही. म्हणून पातळ शौचात ट्रोफोझोइट शोधायचे आणि बांधलेल्या शौचात पुट्या. माणसात पुट्या कमी सापडतात, डुकरात भरपूर.

घोटाळा होतो तो पाण्याचा. डबक्यातले, उघड्या भांड्यातले केसाळ जीवही असेच पोहतात. नमुन्यात शौचालयातलं पाणी गेलं किंवा सलाईन जुनं असलं की ते स्लाइडवर येतात. शंका आली तर त्याच सलाईनचा नुसता थेंब दुसऱ्या स्लाइडवर पाहावा. त्यातही तेच पोहत असतील तर दोष सलाईनचा. थेंब स्वच्छ निघाला तरी कोरड्या डबीत नवा नमुना मागवावा. जीव रोज पडतात असं नाही, त्यामुळे एक नमुना निर्मळ निघाला म्हणून रोग नाही असं ठरवू नये. वेगवेगळ्या दिवशी दोन-तीन नमुने पाहावे लागतात.

'अंगातली उष्णता' समजून घरीच थंड औषधं देत बसणं धोक्याचं आहे, कारण हा जीव आतड्याच्या भिंतीत शिरून व्रण करतो आणि क्वचित आतड्याला भोकही पाडतो. निदान झालं की टेट्रासायक्लिन किंवा मेट्रोनिडाझोल डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यायचं, आणि पाणी उकळूनच प्यायचं, कारण नेहमीच्या क्लोरिनला पुटी पुरून उरते.