कन्सोलचं नेट नेमकं कुठे अडलंय?

प्लेस्टेशन 5 च्या सेटिंग्जमध्ये Network, त्यात Connection Status आणि त्यात Test Internet Connection अशी पायरी आहे. ती दाबली की अर्ध्या-एक मिनिटात पडद्यावर काही ओळी उमटतात: Obtain IP Address, Internet Connection, PlayStation Network Sign-In, NAT Type आणि शेवटी डाउनलोड-अपलोडचा वेग. बहुतेकांची नजर थेट वेगाच्या आकड्यावर जाते. खरं तर या चाचणीतली सगळ्यात कमी उपयोगाची माहिती तीच. महत्त्वाचा आहे ओळींचा क्रम. प्रत्येक ओळ आधीच्या ओळीवर उभी असते, त्यामुळे वरून खाली वाचताना जिथे पहिल्यांदा Failed दिसेल तिथेच थांबायचं. त्याखालचं अपयश हा फक्त परिणाम असतो.

पहिली ओळ पत्त्याची. कन्सोल वायफायला किंवा लॅनच्या वायरीला जोडला गेला की तो घरातल्या नेटवर्कवर हाक मारतो, "मला कोणी पत्ता देईल का?" राउटर उत्तर देतो, "192.168.1.37 घे." कन्सोल तो मागून घेतो आणि राउटर मंजुरी देतो. चार निरोपांची ही देवघेव डीएचसीपी नावाच्या पद्धतीने होते आणि क्षणात संपते. ती झाली की पहिल्या ओळीपुढे Successful येतं.

इथेच सगळ्यात मोठा गैरसमज होतो. पत्ता मिळाला म्हणजे नेट आलं असं वाटतं, पण तो पत्ता देणारा राउटर तुमच्याच घरात, टीव्हीच्या कपाटावर ठेवलेला असतो. बाहेरची फायबर तुटलेली असली तरी तो पत्ते वाटतच राहतो. सोसायटीचा इंटरकॉम जसा बाहेरची टेलिफोन लाइन मेलेली असतानाही गेटवरच्या वॉचमनला लागतो, तसंच हे. घोडबंदर रोडवर मेट्रोच्या खोदकामात कुणाची केबल उखडली गेली, तरी त्या घरातल्या कन्सोलची पहिली ओळ पासच होईल. म्हणून ही ओळ एवढंच सांगते की कन्सोल आणि राउटर यांचं आपसात जमलंय.

ती नापास झाली तर दोष नक्की घरातलाच, केबलवाल्याला फोन करून उपयोग नाही. वायफायचा पासवर्ड बदललाय, सिग्नल भिंतीआड मरतोय, किंवा राउटरकडे वाटायला पत्तेच उरलेले नाहीत, अशी तीन-चार कारणं असतात. जुन्या, 2013 च्या मूळ प्लेस्टेशन 4 ला 5 गिगाहर्ट्झचं वायफाय दिसतच नाही, त्याला 2.4 चंच नाव निवडावं लागतं. शंका असेल तर लॅनची वायर लावून तीच चाचणी पुन्हा करावी. वायरीवर पास झाली तर भांडण वायफायशी आहे.

आता दुसरी ओळ, Internet Connection. सगळ्यात जास्त घोळ इथे असतो, कारण या एका ओळीत दोन वेगळी कामं दडलेली आहेत. एक, सर्व्हरच्या नावावरून त्याचा आकडी पत्ता शोधणं, म्हणजे डीएनएस. आणि दोन, त्या पत्त्यापर्यंत खरोखर पोचून अपेक्षित उत्तर घेऊन येणं. यातलं "अपेक्षित" फार मोलाचं आहे. निन्टेंडोचा स्विच अशा तपासणीसाठी ctest.cdn.nintendo.net या पत्त्यावर जातो आणि तिथून येणारा छोटासा ठरलेला मजकूर बघतो. अँड्रॉइड फोनही असंच करतो, तो 204 या क्रमांकाच्या रिकाम्या उत्तराची वाट बघतो. ठरलेल्याऐवजी दुसरंच काही आलं, तर मध्ये कोणीतरी उभं आहे हे उपकरणाला कळतं. हॉटेलच्या वायफायवर लॉगिनचं पान येतं ते याच रीतीने ओळखलं जातं.

एक प्रसंग घेऊ. कासारवडवलीतलं एक घर, स्थानिक केबलवाल्याचं फायबर कनेक्शन, रविवारची सकाळ. रात्री चाललेलं गेम आज उघडत नाही. चाचणी सांगते: Obtain IP Address पास, Internet Connection नापास. कॉलेजातला मुलगा केबलवाल्याला फोन लावतो.

"दादा, नेट बंद आहे."

"फायबरच्या डब्यावर लाल दिवा आहे का बघ."

"नाही, सगळे हिरवेच आहेत."

"मग राउटर बंद-चालू कर."

दिव्यांची ही चौकशी उगाच नाही. डब्यावरचा LOS नावाचा दिवा लाल असेल तर काचेच्या तंतूतून प्रकाशच येत नाहीये, म्हणजे वायर तुटली किंवा वाकली. तो विझलेला आणि PON हिरवा असेल तर प्रकाश येतोय, अडचण त्याच्या पुढची आहे. या घरात प्रकाश आहे, पण इंटरनेट नाही. मुलाने फोनवर पाहिलं तर तिथे सगळं चालू होतं. ही फसवणूक नेहमीची. वायफायवर इंटरनेट नाही असं दिसलं की फोन गुपचूप मोबाइल डेटावर सरकतो. तपासताना मोबाइल डेटा बंदच करायला हवा. मग त्याच वायफायवर लॅपटॉप जोडून दोन आज्ञा द्याव्यात:

```
nslookup playstation.com
ping 8.8.8.8
```

पहिली आज्ञा नाव विचारते, दुसरी नावाच्या भानगडीत न पडता गूगलच्या सर्व्हरला सरळ आकड्याने हाक मारते. दुसरी चालते आणि पहिली अडते, तर दोष डीएनएसचा. अशा वेळी कन्सोलच्या नेटवर्क सेटिंगमध्ये डीएनएस हाताने 8.8.8.8 किंवा 1.1.1.1 असा भरला की काम होतं. "डीएनएस बदला" हा सल्ला जिथे-तिथे दिला जातो, पण तो फक्त या एकाच परिस्थितीत औषध आहे. दोन्ही अडल्या तर बाहेरचा रस्ताच बंद.

कासारवडवलीच्या घरात उलटंच घडलं. नावाचा पत्ता मिळाला, पण 8.8.8.8 कडून काही उत्तर नाही. अशी जोडी दिसली की प्लॅन संपला असल्याची शंका घ्यावी. पैसे थकले की बऱ्याच कंपन्या लाइन तोडत नाहीत, ग्राहकाला कोंडून ठेवतात: नावं विचारू देतात, पण बाकी सगळीकडचा रस्ता अडवून ब्राउझरला आपल्या रिचार्जच्या पानावर वळवतात. लॅपटॉपवर एक साधी, http ने सुरू होणारी साइट उघडली तेव्हा तेच पान आलं. प्लॅन मध्यरात्री संपला होता. कन्सोलला हे पान दाखवायचं सुचत नाही, तो फक्त नापास म्हणतो.

वडिलांनी यूपीआयने पैसे भरले, पावती आली, तरी चाचणी नापासच. याचंही कारण आहे. राउटर कंपनीकडे युजरनेम-पासवर्ड देऊन एक सत्र उघडतो आणि ते सत्र उघडताना "हा ग्राहक कोंडलेला" असा शिक्का त्यावर बसलेला असतो. पैसे भरल्याची नोंद झाली तरी चालू सत्रावरचा शिक्का आपोआप पुसला जाईलच असं नाही. सत्र मोडून नव्याने उघडावं लागतं. केबलवाल्याचं "बंद-चालू कर" इथे खरंच लागू पडतं, पण पैसे भरल्यानंतर. आधी कितीदा केलं तरी कोंडलेलंच सत्र परत उघडणार.

तिसरी ओळ सेवेत शिरण्याची. इंटरनेट पास आणि Sign-In नापास असेल तर राउटरला हात लावू नये. अडचण सोनीच्या सर्व्हरची, तुमच्या खात्याची किंवा कन्सोलच्या घड्याळाची असते. घड्याळ का? साइन-इनच्या वेळी सर्व्हर आपलं ओळखपत्र म्हणून एक प्रमाणपत्र दाखवतो आणि त्यावर मुदत लिहिलेली असते. कन्सोलची तारीख भलतीच असेल तर खरं प्रमाणपत्रही मुदतबाह्य वाटतं आणि बोलणं तिथेच तुटतं. सर्व्हरचं म्हणाल तर 8 फेब्रुवारी 2025 आठवा. त्या शनिवारी सकाळपासून भारतात प्लेस्टेशन नेटवर्क सुमारे दिवसभर बंद होतं. अशा दिवशी पहिल्या दोन ओळी पास होऊन तिसरी अडते, आणि घरातल्या माणसाने करण्यासारखं काही नसतं. status.playstation.com बघावं आणि दुसरं काही करावं.

कासारवडवलीत तिन्ही ओळी पास झाल्या, पण मित्राबरोबरचं पार्टी चॅट काही जुळेना. NAT Type पुढे Type 3 होतं. ही ओळ पास-नापास नसते म्हणून लोक ती ओलांडून जातात. चाचणी इथे बाहेरच्या सर्व्हरला विचारते, "मी तुला कोणत्या पत्त्यावरून आणि कोणत्या पोर्टवरून दिसतोय?" राउटर घरातले सगळे पत्ते एका बाहेरच्या पत्त्यामागे लपवतो, आणि हे लपवणं किती कडक आहे ते उत्तरावरून समजतं. Type 1 म्हणजे मध्ये कोणी नाही, Type 2 म्हणजे राउटर आहे पण वाट मोकळी, Type 3 म्हणजे बाहेरून आलेल्याला आत घेणं अवघड. दोन कन्सोल एकमेकांशी थेट बोलू पाहतात तेव्हाच हे नडतं, म्हणून गेम डाउनलोड होतं आणि चॅट मात्र होत नाही.

या घरात केबलवाल्याचा डबा स्वतःच राउटर होता, आणि वायफाय आतल्या खोलीपर्यंत पोचावं म्हणून त्यामागे विकतचा दुसरा राउटर लावलेला. पत्ता दोनदा लपवला जात होता. दुसरा राउटर Access Point मोडमध्ये टाकल्यावर त्याने पत्ते वाटणं आणि लपवणं सोडलं, आणि चाचणीत Type 2 आलं.

एवढं करूनही Type 3 हटत नसेल, तर राउटरच्या सेटिंगच्या पानावर WAN चा, म्हणजे बाहेरच्या बाजूचा पत्ता बघावा. तो 100.64 ते 100.127 यांच्यात सुरू होत असेल तर लपवालपवीचा आणखी एक थर कंपनीच्या बाजूला आहे. जुन्या पद्धतीचे पत्ते जगात एकूण सुमारे 430 कोटीच, आणि मध्यवर्ती साठा फेब्रुवारी 2011 मध्येच संपला. त्यामुळे अनेक घरांना एक सार्वजनिक पत्ता वाटून दिला जातो, आणि त्यासाठीच 2012 मध्ये हा 100.64 पासूनचा पट्टा राखून ठेवला गेला. इथे घरच्या राउटरमध्ये पोर्ट उघडून काही साधत नाही. कंपनीकडे स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मागावा लागतो, बहुधा जादा पैसे भरून.

राहिला वेग. तो एका क्षणी, एका सर्व्हरशी मोजलेला अंदाज असतो, आणि वायफायवर केलेली चाचणी वायफायचीही चाचणी असते. शिवाय खेळताना गोळी उशिरा लागते ती वेगामुळे क्वचितच. तिथे निरोप जाऊन यायला किती मिलिसेकंद लागतात आणि वाटेत किती निरोप हरवतात, हे महत्त्वाचं, आणि या दोन्हींबद्दल चाचणीच्या पडद्यावर एकही ओळ नसते. 90 एमबीपीएस दाखवणाऱ्या लाइनवरही गेम अडखळू शकतो. तेव्हा लॅपटॉपवरून आधी राउटरला आणि मग बाहेरच्या पत्त्याला दोन-तीन मिनिटं पिंग करत राहावं. आकडे राउटरपर्यंतच उड्या मारत असतील तर कन्सोलपर्यंत लॅनची वायर ओढून घ्यावी, आणि राउटरच्या पुढे उड्या मारत असतील तर ते आकडे केबलवाल्याला दाखवावेत.