दोन तास की दोन दिवस? तक्रारींच्या रांगेचं गणित

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझा भाचा सोलर पंपांच्या दुरुस्ती केंद्रात तक्रारी नोंदवतो. गव्हाला पाणी द्यायच्या दिवसांत पंप बंद पडला की शेतकरी फोन करतो, भाचा संगणकावर तिकीट उघडतो आणि मग मेकॅनिक त्या शेतकऱ्याला फोन लावतो. हा मेकॅनिकचा फोन म्हणजे 'पहिला प्रतिसाद'. तो कामकाजाच्या चार तासांत द्यायचा, असं केंद्रानं लेखी कबूल केलेलं. एका सोमवारी दुपारी त्यानं मला रांगेचा स्क्रीनशॉट पाठवला आणि पाठोपाठ फोन केला. "मामाजी, साहेब म्हणतात सरासरी दोन तास. इकडं शेतकरी म्हणते दोन दिवस झाले. कोण खोटं बोलून राह्यलं?"

दोघंही खरं बोलत होते. चित्रात आठ ओळी होत्या, त्या अशा:

| क्र. | तक्रार | पहिला प्रतिसाद |
|---|---|---|
| १ | शनि. १०:२० | शनि. ११:०० |
| २ | शनि. ११:१५ | शनि. १७:१५ |
| ३ | शनि. ११:३० | शनि. १३:०० |
| ४ | शनि. १६:३० | सोम. १०:४५ |
| ५ | रवि. ०७:१० | सोम. ११:२० |
| ६ | सोम. १०:०५ | सोम. १०:२० |
| ७ | शनि. १७:०० | – |
| ८ | सोम. १२:३० | – |

पहिला प्रश्न घड्याळाचा. केंद्र सोमवार ते शनिवार सकाळी १० ते संध्याकाळी ६ उघडं असतं, आणि मुदतीचं घड्याळही तेवढंच चालतं. चौथ्या ओळीत शनिवारची साडेचार ते सहा ही ९० मिनिटं आणि सोमवारची ४५, म्हणजे १३५ मिनिटं धरायची. भिंतीवरच्या घड्याळानं तोच काळ सव्वाबेचाळीस तासांचा होतो. पाचवी तक्रार रविवारी सकाळी आली, पण तिचं घड्याळ सोमवारी दहाला सुरू झालं, म्हणून ८० मिनिटं. असं मोजलं की उत्तर मिळालेल्या सहा तक्रारींचे आकडे ४०, ३६०, ९०, १३५, ८० आणि १५ येतात. बेरीज ७२०, सहानं भागलं की १२०. साहेबांचे दोन तास हेच. भिंतीवरच्या घड्याळानं याच सहांची सरासरी तेरा तासांच्या वर जाते. म्हणून कोणी सरासरी सांगितली की आधी विचारावं, कोणत्या घड्याळानं?

पण खरी मेख शेवटच्या दोन ओळींत आहे. साहेबांनी आकडे स्प्रेडशीटमध्ये भरले आणि हे सूत्र लावलं:

```
=AVERAGE(D2:D9)
```

हे सूत्र रिकामे रकाने मुकाट्यानं सोडून देतं. शून्य धरत नाही, चूकही दाखवत नाही. त्यामुळे ज्यांना अजून उत्तरच मिळालेलं नाही, ते दोन शेतकरी हिशेबातून गायब झाले. सगळ्यात जास्त ताटकळलेला माणूसच सरासरीत नाही! आणि तो जितका ताटकळेल तितका वेळ तो सरासरीबाहेरच राहणार.

मग त्या रिकाम्या जागी काय लिहायचं? त्यासाठी चित्र काढलं ती वेळ हवी. फोनच्या वरच्या पट्टीवर १५:०० दिसत होतं, म्हणून निभावलं. पट्टी कापून पाठवली असती तर फाइलच्या नावाचा आधार नव्हता. अँड्रॉइडवर व्हॉट्सॲपनं आलेल्या चित्राला IMG-20250113-WA0004 असल्या धर्तीचं नाव पडतं. त्यात तारीख असते, वेळ नसते.

तीन वाजेपर्यंत सातव्याची शनिवारची ६० आणि सोमवारची ३०० मिळून ३६० मिनिटं झाली होती. आठव्याची १५०. हे त्यांचे अंतिम आकडे नव्हेत. यापेक्षा कमी होणार नाहीत, एवढंच ते सांगतात. दोघांनाही त्याच क्षणी फोन गेला असता तरी आठ जणांची बेरीज १२३० आणि सरासरी सुमारे १५४ मिनिटं झाली असती. म्हणजे साहेबांना 'दोन तास' म्हणता येत नाही, 'निदान दोन तास चौतीस मिनिटं' म्हणावं लागतं.

अशा अर्धवट नोंदींना संख्याशास्त्रात 'सेन्सर्ड' नोंदी म्हणतात. एडवर्ड कॅप्लन आणि पॉल मायर यांनी १९५८ साली त्यांच्यावर एक प्रसिद्ध रीत मांडली. कॅप्लन टेलिफोनच्या निर्वात नळ्या किती टिकतात ते पाहत होते, मायर रुग्ण किती जगतात ते. नळी अजून चालू आहे किंवा रुग्ण अजून जिवंत आहे, म्हणून ती नोंद फेकून द्यायची नाही, हा त्यांचा मुद्दा. आपल्या रांगेत त्याची एक गंमत दिसते. आठही आकडे चढत्या क्रमानं मांडा: १५, ४०, ८०, ९०, १३५, आणि पुढे १५० च्या वरचा एक, ३६०, आणि ३६० च्या वरचा एक. मधले दोन म्हणजे चौथा आणि पाचवा, ९० आणि १३५. मध्यक त्यांच्या मधोमध, एकशे साडेबारा मिनिटं. सातव्या-आठव्याला फोन आज जावो की पुढच्या आठवड्यात, हा आकडा आता हलणार नाही. सरासरी अजून अधांतरी असताना मध्यक पक्का झाला, म्हणून अशा रांगेसाठी मी मध्यकच आधी काढतो.

मुदतभंग मोजणं त्यामानानं सोपं, कारण मुदत मोडली हे कळायला उत्तराची वाट पाहावी लागत नाही. चार तास म्हणजे २४० मिनिटं. उत्तर मिळालेल्यांत एकच भंग, दुसऱ्या ओळीचा. सातव्याची मुदत सोमवारी दुपारी एक वाजता संपली, म्हणून तोही भंग, उत्तर नसलं तरी. रिकाम्या रकान्यात 'आतापर्यंतची' मिनिटं भरली की मोजणीचं सूत्र दोन सांगतं:

```
=COUNTIF(D2:D9,">240")
```

बरोबर २४० मिनिटं झाली तर मुदत पाळली असं धरायचं, म्हणून चिन्ह 'पेक्षा जास्त'चं. आठव्याचा निकाल मात्र अजून लागलेला नाही. त्याला 'पाळली'मध्ये घालणं चूक, 'मोडली'मध्ये घालणंही चूक. निकाल लागलेल्या सातांत दोन भंग, किंवा आठांत दोन ते तीन, असंच सांगावं लागतं. साहेबांच्या हिशेबात सहांत एक होता.

चित्राला न विचारता सुटत नाहीत अशा दोन गोष्टी राहिल्या. तळाशी बारीक अक्षरात `1-8 of 31` होतं, म्हणजे २३ तक्रारी पुढच्या पानांवर. आणि वर फिल्टर `All` होता, हे नशीब. तिथं `Open` असतं तर झटपट मिटलेल्या तक्रारी रांगेतून निघून गेलेल्या असत्या, रेंगाळलेल्याच दिसल्या असत्या, आणि केंद्र आहे त्याहून वाईट दिसलं असतं. तक्रार येताच संगणक आपोआप पाठवतो तो 'तक्रार नोंदवली' मेसेज काही ठिकाणी पहिला प्रतिसाद म्हणून धरला जातो. सगळ्या ओळींत एकच मिनिट दिसलं की ही चलाखी ओळखावी.

हे सगळं सांगून मी भाच्याला म्हटलं, सातव्याची मुदत तर गेलीच, आठव्याला साडेचारपर्यंत वेळ आहे. आकडा सांभाळायचा असेल तर मेकॅनिकला आधी आठव्याला फोन करायला सांग, सातव्यासाठी धावून भंगांचा आकडा काही कमी होत नाही.

"मामाजी, त्या सातव्याचा गहू शनिवारपासून वाळून राह्यला न," तो म्हणाला, आणि मेकॅनिकला सातव्याचा नंबर द्यायला फोन ठेवला.