लॉक स्क्रीन बदलली की फोन गप्प का होतो?

आयफोनवर कुलूपाचा पडदा, म्हणजे लॉक स्क्रीन, बोटाने सरकवून दुसरी लावली की कधी कधी फोन वाजायचाच बंद होतो. फोटो बदलला आणि आवाज गेला, असं ऐकताना विचित्र वाटतं. पण मुळात गप्प बसण्याची सोय आणि पडद्याची सजावट या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. दहा वर्षं त्या बहुतांशी आपापल्या वाटेने चालल्या आणि 2022 मध्ये त्यांची गाठ बांधली गेली. ही गाठ दोन्ही टोकांनी ओढली जाते, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

आधी गप्प बसण्याची गोष्ट. सप्टेंबर 2012 मध्ये आयफोनची प्रणाली आयओएस 6 आली आणि तिच्यात चंद्रकोरीचं चिन्ह असलेलं डू नॉट डिस्टर्ब होतं. रात्री अमुक ते सकाळी तमुक वाजेपर्यंत फोनने तोंड उघडायचं नाही, एवढंच त्याचं काम. त्यात एक शहाणपणाची फट ठेवली होती. एकाच माणसाने तीन मिनिटांच्या आत दुसऱ्यांदा फोन केला तर तो वाजू द्यायचा, कारण काम तातडीचं असणार. सुरुवात मात्र अडखळत झाली. 1 जानेवारी 2013 ला अनेकांचे फोन ठरलेली वेळ टळून गेली तरी गप्पच राहिले. 7 तारखेनंतर आपोआप ठीक होईल, तोवर हाताने बंद करा, असं ॲपलने जाहीर केलं. मुका फोन आणि बिघडलेला फोन बाहेरून सारखेच दिसतात, ही अडचण तेव्हापासूनची आहे.

लॉक स्क्रीनची गोष्ट 2007 पासून सुरू होते. पहिल्या आयफोनवर वर घड्याळ, मागे चित्र आणि खाली सरकवायची पट्टी होती. खिशात चुकून बटणं दाबली जाऊ नयेत म्हणून ती पट्टी. पुढे 2011 मध्ये नोटिफिकेशन तिथे रांग लावू लागल्या आणि 2013 मध्ये बोटाचा ठसा आला. 2015 पर्यंत ठसा इतका झटपट ओळखला जाऊ लागला की लोक लॉक स्क्रीन पाहायच्या आतच फोन उघडायचा आणि आलेले निरोप नजरेतून सुटायचे. त्यावर 2016 मध्ये फोन नुसता उचलला की पडदा उजळायची सोय झाली. म्हणजे ज्या पडद्याचं काम वाट अडवणं होतं, तो आता मुद्दाम पाहण्यासाठी ठेवला जाऊ लागला.

अँड्रॉइडने विजेट, म्हणजे ॲप न उघडता माहिती दाखवणारे छोटे तुकडे, लॉक स्क्रीनवर बसवण्याचा प्रयोग 2012 मध्येच केला होता. आवृत्ती 4.2 मध्ये पडदा बाजूला सरकवला की एकेका पानावर एकेक विजेट दिसायचं. 2014 च्या 5.0 मध्ये ते काढून टाकलं. कल्पना वाईट नव्हती. पण एका पानावर एकच विजेट असेल आणि तेही सरकवल्याशिवाय दिसणार नसेल, तर नुसत्या नजरेत काम होत नाही, आणि या पडद्याकडे माणूस नुसती नजरच टाकतो.

नजरेपुरती माहिती कशी मांडायची हे मनगटाने शिकवलं. 2015 च्या ॲपल वॉचवर तबकडी दाबून धरायची, बोटाने सरकवून दुसरी निवडायची आणि तिच्या कोपऱ्यांत हवामान, कॅलेंडर, बॅटरी असे छोटे तुकडे बसवायचे. आज फोनची लॉक स्क्रीन आपण अगदी तशीच दाबून धरतो आणि सरकवतो. 2022 मध्ये घड्याळाचे आणि फोनचे हे तुकडे एकाच साच्यात आणले गेले: गोल, आयताकृती आणि एका ओळीचा. लॉक स्क्रीनवरची विजेटं मात्र होम स्क्रीनवरच्यासारखी रंगीबेरंगी नसून एकरंगी दिसतात.

गप्प बसण्याचा पडद्याला पहिला स्पर्श झाला तो 2017 मध्ये. गाडी चालवताना डू नॉट डिस्टर्ब लागलं की निरोप पडद्यावर दिसायचेच नाहीत. पुढच्या वर्षी झोपेच्या वेळेसाठी तेच झालं. मध्यरात्री वेळ पाहायला फोन उचलला तर मंद पडदा आणि घड्याळ, निरोपांची रांग थेट सकाळी. आवाज बंद असला तरी डोळे त्रास करून घेतातच, हे इथे पहिल्यांदा मान्य झालं. 2021 च्या आयओएस 15 मध्ये एका चंद्रकोरीच्या जागी अनेक फोकस, म्हणजे गप्प बसण्याचे वेगवेगळे प्रकार, आले: काम, खासगी, झोप, वाहन चालवणं. प्रत्येकाला आपली माणसं, आपली ॲप आणि होम स्क्रीनची आपली पानं निवडता येऊ लागली. लॉक स्क्रीन मात्र सगळ्यांना एकच होती. फार तर ती मंद करता यायची.

12 सप्टेंबर 2022 ला आलेल्या आयओएस 16 ने ही उणीव भरली. अनेक लॉक स्क्रीन तयार करा आणि प्रत्येकीला एक फोकस जोडा. एक उदाहरण पाहू. समजा, सोमवार ते शुक्रवार दहा ते सहा ऑफिस असलेल्या बाई आहेत. त्या कुलूप उघडलेल्या फोनची लॉक स्क्रीन दाबून धरतात, अधिकच्या चिन्हाने नवी बनवतात आणि मागे साधा रंग ठेवतात. घड्याळाखाली चार खणांची जागा असते. आयताकृती विजेटला दोन खण लागतात, गोलाला एक. कॅलेंडरचा आयत, बॅटरीचा गोल आणि रिमाइंडरचा गोल बसवला की जागा भरली. घड्याळाच्या वर तारखेशेजारी एक ओळ राहते, तिथे हवामान. मग परत दाबून धरून खाली Focus वर टिचकी मारायची आणि Work निवडायचं. मुलांच्या फोटोची दुसरी लॉक स्क्रीन त्या कशालाच जोडत नाहीत. Settings मध्ये Focus च्या Work खाली दहा ते सहाची वेळ लावली की सोमवारी दहाला फोटो जाऊन साधा पडदा येतो आणि सहाला फोटो परततो. लॉक स्क्रीनबरोबर होम स्क्रीनचं वॉलपेपरही बदलतं, कारण ती जोडी असते.

आता रविवार. उद्याच्या मीटिंगची वेळ पाहायला बाई पडदा दाबून धरतात आणि सरकवून ऑफिसचा लावतात. इथे गाठ दुसऱ्या टोकाने ओढली जाते. जोडलेली लॉक स्क्रीन हाताने लावली की तिचा फोकसही सुरू होतो, मग वार कोणताही असो. आता वाजतील फक्त कामाच्या यादीतली माणसं. आईचं नाव त्या यादीत नसेल तर तिचा फोन मुका येईल, आणि तिला काही तीन मिनिटांत परत फोन करायचा नियम ठाऊक नसतो. हे ओळखायची खूण लहान आहे: लॉक स्क्रीनच्या तळाशी फोकसचं चिन्ह आणि नाव दिसतं. दुसऱ्या पडद्यावर सरकवलं की फोकस जातो. असा घोळ वारंवार होत असेल तर त्याच Focus बटणाखाली जोडणी काढून टाकावी. वेळापत्रक चालूच राहतं, फक्त पडदा बदलत नाही. माझ्या मते जोडणी ठेवायचीच असेल तर दोन पडदे एका नजरेत वेगळे कळतील इतके वेगळे असावेत. सारखेच दोन सुंदर फोटो लावले की घात होतो.

सॅमसंगने त्याच सुमारास, 2022 च्या अखेरीस, आपल्या फोनच्या वन यूआय 5 या प्रणालीत फोकससारखे मोड आणले आणि 2023 च्या 5.1 मध्ये प्रत्येक मोडला वेगळं वॉलपेपर लावायची सोय दिली. आयपॅडला लॉक स्क्रीनची ही सजावट 2023 मध्ये, आयपॅडओएस 17 बरोबर मिळाली. Share Across Devices चालू असेल तर फोनवरचा फोकस आयपॅडवरही लागतो. म्हणजे रविवारी फोनचा पडदा सरकवला, तर टेबलावरचा आयपॅडही गप्प होतो.