मागणी पत्रक (किंमत, मागणी आणि एकूण प्राप्ती)

ठराविक काळात एखाद्या वस्तूची किंमत वेगवेगळी असेल, तर प्रत्येक किमतीला ग्राहक ती वस्तू किती घ्यायला तयार असतील, हे दाखवणाऱ्या तक्त्याला मागणी पत्रक म्हणतात. तक्ता एका ग्राहकाचा असेल तर ते वैयक्तिक मागणी पत्रक, आणि साऱ्या ग्राहकांच्या मागण्यांची बेरीज केली की बाजार मागणी पत्रक. अकरावी-बारावीच्या अर्थशास्त्रात याच तक्त्याला तिसरा रकाना जोडतात. किंमत गुणिले मागणी, म्हणजे विक्रेत्याची एकूण प्राप्ती. पहिले दोन रकाने मागणीचा नियम सांगतात: भाव उतरला की मागणी वाढते. तिसऱ्यातून मात्र असे काही कळते, जे आधीच्या दोन रकान्यांकडे नुसते पाहून लक्षात येत नाही.

मराठवाड्यातले उदाहरण घ्यायचे तर बीड जिल्ह्यातले सीताफळ सोयीचे आहे. बालाघाटच्या डोंगररांगांतल्या या फळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तोडल्यावर ते दोन-तीन दिवसांत पिकते आणि मग ठेवता येत नाही, त्यामुळे भाव किती लावायचा हा प्रश्न विक्रेत्यापुढे रोज नव्याने येतो. अंबाजोगाईच्या रस्त्यावर पाट्या मांडून बसलेल्या एका विक्रेत्याचे एका दिवसाचे पत्रक असे धरू. आकडे समजावण्यासाठी घेतलेले आहेत.

| किंमत (रुपये प्रति किलो) | मागणी (किलो) | एकूण प्राप्ती (रुपये) |
|---|---|---|
| ९० | ३० | २७०० |
| ८० | ४० | ३२०० |
| ७० | ५० | ३५०० |
| ६० | ६० | ३६०० |
| ५० | ७० | ३५०० |
| ४० | ८० | ३२०० |

भाव दर वेळी १० रुपयांनी उतरतो आणि मागणी दर वेळी १० किलोंनीच वाढते. तरीही प्राप्ती आधी चढते, ६० रुपयांना टोक गाठते आणि मग उतरते. याचे कारण एकेका पायरीवरच्या हिशेबात आहे. भाव ८० वरून ७० केला की १० किलो नवे खपतात आणि त्यांचे ७०० रुपये येतात. पण आधीचे ४० किलो ज्यांनी ८० रुपयांनीही घेतले असते, त्यांनाही आता ७० रुपयांनीच द्यावे लागतात. तिथे ४०० रुपये बुडतात, हाती पडते ३०० ची वाढ. हाच हिशेब ६० वरून ५० वर येताना मांडला, तर नव्या १० किलोंचे ५०० येतात आणि जुन्या ६० किलोंवर ६०० जातात. प्राप्ती १०० रुपयांनी घटते. भाव जितका खाली, तितका जुन्या गिऱ्हाइकांवरचा तोटा मोठा आणि नव्या मालाची मिळकत लहान. वर्गात हा हिशेब एका पायरीचा तरी फळ्यावर करून दाखवायलाच हवा, कारण नुसता तक्ता पाठ केलेल्या मुलाला प्राप्ती का वळते ते सांगता येत नाही.

भाव बदलला की मागणी त्या प्रमाणात किती बदलते, ही मागणीची लवचिकता. ती ओळखण्याची एकूण खर्च पद्धत याच रकान्यावर उभी आहे. ती आल्फ्रेड मार्शल यांच्या नावाने शिकवली जाते. लवचिकतेची कल्पना त्यांनी १८९० सालच्या आपल्या ग्रंथात मांडली. विक्रेत्याची प्राप्ती म्हणजेच ग्राहकांचा खर्च. भाव उतरल्यावर तो वाढला तर मागणी अधिक लवचिक, घटला तर कमी लवचिक, आणि तेवढाच राहिला तर लवचिकता एक. म्हणजे एकाच सीताफळाची मागणी वरच्या भावांना लवचिक आणि खालच्या भावांना अलवचिक असते. ‘अमुक वस्तूची मागणी लवचिक’ असे सरसकट लिहिणे म्हणूनच अपुरे आहे. कोणत्या भावाच्या आसपास, हेही सांगावे लागते.

इथे विद्यार्थी हमखास अडखळतात. शेकडेवारी पद्धतीने, म्हणजे मागणीतल्या बदलाच्या टक्क्यांना भावातल्या बदलाच्या टक्क्यांनी भागून, ६० ते ५० या पायरीची लवचिकता काढा. भावातली घट १६.७ टक्के, मागणीतली वाढही १६.७ टक्के, म्हणून उत्तर एक. मग प्राप्ती स्थिर राहायला हवी, पण तक्त्यात ती ३६०० वरून ३५०० झालेली दिसते. गुणाकार तपासला तर तो बरोबर असतो. चूक पायाची आहे. दोन्ही टक्के सुरुवातीच्या आकड्यांवर काढले की पायरी चढताना एक उत्तर येते आणि उतरताना दुसरे. त्याऐवजी दोन्ही टोकांची सरासरी पाया धरावी. किमतीसाठी ५५ आणि मागणीसाठी ६५. आता भावातला बदल १८.२ टक्के, मागणीतला १५.४ टक्के आणि लवचिकता सुमारे ०.८५ येते. ती एकाहून कमी आहे, म्हणून प्राप्ती घटणे जुळते. हाच पाया धरून ७० ते ६० ही पायरी १.१८ देते आणि तिथे प्राप्ती वाढलेलीच आहे. शेकडेवारी आणि प्राप्तीचा रकाना एकमेकांशी भांडू लागले, तर आधी रकान्यावर विश्वास ठेवावा.

दुसरी चूक तक्ता भरतानाच होते. प्रकल्पासाठी मुले आठवडाभर एखाद्या विक्रेत्याकडे जातात, रोजचा भाव आणि रोजची विक्री टिपतात आणि त्याला मागणी पत्रक म्हणतात. बाजाराच्या दिवशी ८० रुपयांनी ७० किलो खपले आणि एरवी ७० रुपयांनी ५० किलो, तर भाव जास्त असताना मागणी जास्त असे उफराटे चित्र दिसते. मागणीचा नियम इथे मोडलेला नाही. बाजाराच्या दिवशी खेड्यापाड्यांतून माणसे आली, म्हणजे परिस्थितीच बदलली आणि त्या दिवसाचे अख्खे पत्रकच वेगळे झाले. पत्रकाच्या सगळ्या ओळी एकाच दिवसाच्या असतात आणि त्यांतली एकच प्रत्यक्षात घडते. बाकीच्या ओळी ‘भाव इतका असता तर’ अशा असतात. त्यामुळे प्रकल्पात वीस-पंचवीस घरांना एकाच दिवशी ‘इतका भाव असेल तर किती घ्याल?’ असे प्रत्येक भावाबद्दल विचारून बेरीज करणे जास्त बरोबर ठरते.

एकूण प्राप्ती म्हणजे नफा नव्हे, हेही तक्त्यातच दाखवता येते. विक्रेत्याला माल ३० रुपये किलोने पडत असेल, तर ६० रुपयांच्या भावाला त्याच्याकडे १८०० उरतात, आणि ८० किंवा ७० च्या भावाला २००० उरतात. सर्वाधिक प्राप्तीचा भाव त्याच्यासाठी सर्वात चांगला नाही. मात्र माल आधीच घेऊन झाला असेल आणि फळ आजच पिकले असेल, तर खर्च केव्हाच झालेला असतो आणि हातात येणारी प्राप्तीच तेवढी मोजायची उरते. पिकलेले ८० किलो समोर असताना सगळे ४० रुपयांनी विकले तर ३२०० येतात. ६० रुपये भाव धरला आणि २० किलो वाया गेले तरी ३६०० येतात. दिवसभर ६० ने विकून सांजवेळी उरलेले स्वस्तात काढणे हा याहून पुढचा मार्ग आहे, पण तो या तक्त्यात बसत नाही, कारण तक्ता दिवसाला एकच भाव गृहीत धरतो.

हा तक्ता भाव ठरवू शकणाऱ्याचा आहे. बाजार समितीत आडत्याकडे माल लावणाऱ्या एकट्या शेतकऱ्याला लिलावात निघेल तो भाव घ्यावा लागतो. त्याने पाच कॅरेट आणले काय किंवा दहा, भाव हलत नाही. त्याच्या तक्त्यात किमतीचा रकाना खालपर्यंत एकच आकडा असतो आणि प्राप्ती मालाच्या प्रमाणात वाढत जाते. पण बहार चांगला येऊन सगळ्यांनीच जास्त माल आणला, की अख्ख्या बाजाराचे पत्रक लागू होते. खालच्या, अलवचिक भागात ८० किलो विकून जेवढे पैसे येतात, तेवढेच वरच्या भागात ४० किलोंत येतात.