पिवळं तूप म्हणजे हिरवा चारा? फोटोवरून तूप ओळखायच्या सवयीमागची गोष्ट

पावसाळा लागला की आमच्या जळगाव-चोपडा भागातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर तुपाच्या बरण्यांचे फोटो यायला लागतात, खाली लिहिलेलं असतं "रंग बघा, हिरवा चारा खाल्लेल्या गायीचं", आणि लोक रंग बघून ऑर्डर देतात. ही सवय मोबाईलनं लावलेली नाही, ती बरीच जुनी आहे आणि तिच्यात अर्धं खरं आहे.

खरं ते असं की गवतातलं कॅरोटीन गायीच्या दुधातल्या फॅटमध्ये उतरतं, म्हणून गायीचं तूप पिवळं. म्हैस मात्र जवळपास सगळं कॅरोटीन व्हिटॅमिन ए मध्ये बदलते, आणि ते व्हिटॅमिन बिनरंगी, म्हणून म्हशीचं तूप पांढरं. म्हशीच्या तुपाच्या रंगावरून चारा सांगणं म्हणजे अंदाजच. गायीच्या बाबतीत कडबा खाल्लेल्या दिवसांत रंग फिका पडतो, श्रावणात बांधावरचं गवत मिळालं की चढतो. म्हाताऱ्या बायका हे नुसत्या नजरेनं ओळखायच्या आणि बरोबर ओळखायच्या, कारण गाय त्यांच्याच दारात होती.

भरवसा सुटला तो वनस्पती तूप आल्यावर. 1937 मध्ये डालडा बाजारात आलं आणि 1945 मध्ये आपल्याच अमळनेरला वनस्पती बनवणारी कंपनी उभी राहिली, तीच पुढे विप्रो झाली. वनस्पती पांढरं असायचं, पण साजूक तुपात थोडं मिसळलं तर डोळ्याला काय कळणार. म्हणून वनस्पतीलाच वेगळा रंग द्यावा अशी मागणी बरीच वर्षं चालली, पण सहज काढून टाकता येणार नाही असा योग्य रंगच मिळाला नाही. शेवटी वनस्पतीत तिळाचं तेल घालणं सक्तीचं झालं, कारण तिळाचं तेल बोडुइन टेस्टमध्ये लालसर रंग देतं आणि भेसळ तिथे पकडता येते. तुपात रंग घालायला कायद्यानं मनाई झाली, म्हणजे "पिवळं तेच चांगलं" या समजाचा कोणी फायदा घेणार हे कायदा करणाऱ्यांनाही दिसत होतं.

खान्देशची गोष्ट यात वेगळी आहे. इथे जनावर सरकी आणि सरकीच्या ढेपेवर. सरकीनं तूप घट्ट होतं, फॅटची घडणच बदलते, आणि ढेपेत हिरव्या गवताइतकं कॅरोटीन नाही म्हणून रंगही चढत नाही. हे इतकं ठरलेलं होतं की जुन्या नियमांत कापूस पट्ट्यासाठी तुपाच्या मर्यादाच वेगळ्या होत्या, आरएम व्हॅल्यू म्हणजे उडून जाणाऱ्या फॅटी अॅसिडचं माप बाकी बहुतेक भागांत किमान 26-28 लागायचं, कापूस पट्ट्यात 20-21 चालायचं. म्हणजे इथलं फिकं, घट्ट तूप अस्सल असू शकतं, आणि फोटोवाले लोक नेमकं तेच नाकारतात.

तेलाच्या व्यापारात तर पिवळेपणा मोजायची रीतच आहे. लोविबॉंड नावाच्या इंग्रज दारू-उत्पादकानं 1885 च्या सुमारास बिअरसाठी रंगीत काचांचं यंत्र केलं, टिंटोमीटर, ते पुढे तेलाला लागलं. त्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे तेल ठरलेल्या जाडीच्या काचपेटीतच भरायचं, कारण थर जाड झाला की तेच तेल गडद दिसतं, आणि प्रकाशही ठरलेला. फोटोत नेमक्या या दोन्ही गोष्टी नसतात.

मी स्वतः करून बघितलं. आत्याच्या एकाच गायीचं तूप, एक मे महिन्यातलं, कडबा आणि ढेपेवरचं, दुसरं श्रावणातलं. दोन सारखे ग्लास, सारखं भरून खिडकीपाशी पांढऱ्या कागदावर ठेवले तर फरक स्पष्ट, एक हस्तिदंती तर दुसरं हळदीच्या छटेचं. स्वयंपाकघरातल्या पिवळ्या बल्बखाली फोटो काढला तर दोन्ही पिवळे. मग मेचं तूप वितळवून रुंद बरणीत ओतलं, तर फोटोत ते श्रावणातल्या कणीदार तुपापेक्षा गडद आलं, कारण कणी प्रकाश विखुरते म्हणून फिकं दिसतं आणि वितळलेलं तूप आरपार असतं. वरून मोबाईल स्वतःच रंग सावरतो, मागची भिंत निळी की पिवळी त्यावर सुद्धा शेड बदलते.

त्यामुळे फोटोवर विश्वास ठेवायचाच असेल तर दिवसाउजेडी, शेजारी पांढरा कागद, वितळलेलं तूप आणि तोच ग्लास, एवढं तरी मागा, आणि तरी ते फक्त गायीच्या तुपातलं कॅरोटीन किती याचा साधारण अंदाज देतं. भेसळ त्यातून कळत नाही. बोडुइन टेस्टलाही मर्यादा आहेच, तिळाचं तेल नसलेलं पाम तेल मिसळलं तर ती गप्प बसते, तिथे लॅबमध्ये फॅटी अॅसिड तपासावीच लागतात.